कुठला पगार सांगू, मामा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं की काहीतरी हलकंफुलकं बोल, सरांना झोप यायला नको. विषय मीच निवडला होता, पण तो निवडल्याचं सार्थक सकाळी गेटवरच झालं. आपल्या वर्गशिक्षकांच्या पाया पडले. सरांनी चष्म्यातून बघितलं, ओळखलं, नाव घेतलं, आणि सव्वीस वर्षांनी भेटणाऱ्या विद्यार्थिनीला पहिला प्रश्न विचारला, "मिस्टर काय करतात?" मी म्हटलं, "सर, पटावर नावच नाही अजून, हजेरी कुठून लागणार?" सर मनापासून हसले आणि लगेच म्हणाले, "बरं मग, पगार किती आहे आता?" तेवढ्यात मागून कुणीतरी गुलाबाचं फूल आणि बिल्ला हातात दिला म्हणून मी सुटले. सर, ते उत्तर उधार आहे, विसरलेले नाही.

तर विषय असा, की नातेवाईक जमले की लग्नाचं आणि पगाराचं विचारतात, तेव्हा कुणाला न दुखावता आणि स्वतःही न दुखावता काय बोलायचं. यात माझा अनुभव दांडगा आहे. माझं वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि आमच्या घराण्यात वर्षाला सरासरी सहा लग्नं असतात. आईला वाटायचं की एक ना एक दिवस माझं नाव बदलेल. वाट बघता बघता २०२४ साली जिल्ह्याचंच नाव बदललं. हे मी एकदा पंगतीत म्हटलं होतं, तेव्हा वाढपी सुद्धा हसला होता.

पगाराच्या बाबतीत मला नोकरीचा फायदा मिळतो. पुण्यात एका कंपनीत मी पगारपत्रकं तयार करते. चारशे माणसांचे पगार मला दर महिन्याला माहीत असतात. कुणी विचारलं तर मी सांगते, "पगार न सांगण्याचाच तर मला पगार मिळतो." हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणून ते चालतं. खोटं बोलून वेळ मारून नेली तर पुढच्या लग्नात ते खोटं आपल्या आधी येऊन पुढच्या खुर्चीवर बसलेलं असतं.

हे मी शिकले ते फटका खाऊन. अठ्ठावीस वर्षांची होते. श्रावणात घरी सत्यनारायण होता आणि मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, यंदा तरी?" मला वाटलं पंचांगाचा आधार घ्यावा. मी म्हटलं, "मावशी, चातुर्मास चालू आहे. आधी तुळशीचं होऊ दे, मग माझं बघू." सगळे हसले, मावशीही हसली, आणि मी मनात म्हटलं, जमलं. कार्तिकातल्या द्वादशीला संध्याकाळी साडेसात वाजता फोन आला. "तुळशीचं झालं गं. ऊस-चिंचा-आवळे सगळं वाहिलं. आता बोल." आणि तिच्याकडे तीन स्थळं तयार होती, एक तर राहुरीचं, मुलगा कृषी विद्यापीठात नोकरीला. ती महिनाभर माझ्या नावानं माणसांना शब्द देत फिरली होती. त्या तिघांना नाही म्हणताना तिची जी ओढाताण झाली ती माझ्या एका विनोदामुळे. तेव्हापासून मी उत्तरात तारीख घालत नाही. "दिवाळीनंतर", "प्रमोशन झालं की", "घराचं काम उरकलं की" ही सगळी तारखेचीच रूपं आहेत. ऐकणारा ती वहीत लिहून ठेवतो आणि मुदत संपली की वसुलीला येतो.

पण ही चूक तशी किरकोळ. मोठी चूक सांगते, आणि ती सांगायला आजही जड जातं.

चुलतभावाची हळद होती, साधारण बारा वर्षांपूर्वी. मांडवात बायका गोल करून बसलेल्या, गाणी संपलेली, चहा यायचा होता. आत्यांनी मला हाक मारली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्या आठवड्यात तो प्रश्न मला अकराव्यांदा विचारला गेला असेल. मी म्हटलं, "आत्या, लग्न करून कोण सुखी झालंय, एक दाखवा, उद्याच उभी राहते." टाळी पडली. चुलत्या, माम्या, सगळ्या खिदळल्या. आत्या मात्र हसल्या नाहीत. "पुऱ्यांचं बघून येते" म्हणून उठल्या आणि रात्री पंगत उठेपर्यंत पुन्हा त्या घोळक्यात आल्या नाहीत.

मला काही कळलं नाही. रात्रीच्या गाडीनं मी पुण्याला परत गेले. दोन दिवसांनी आईनं फोनवर सांगितलं. आत्यांची मुलगी तीन महिन्यांपासून माहेरी येऊन राहिली होती. नांदायला जाणार नव्हती. घरात कुणालाच बोलल्या नव्हत्या, हळदीच्या दिवशी "तिला ताप आहे" म्हणून तिला घरी ठेवून आल्या होत्या. आणि मी भर मांडवात त्यांना म्हटलं होतं, एक दाखवा.

नंतर मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. आत्यांनी चहा केला आणि विषय टाळला. आजही आमचं बोलणं आहे, येणं-जाणं आहे, पण त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा कधीच विचारला नाही. मला तो त्यांनी विचारायला हवा होता.

त्या फोनवर आई शेवटी जे बोलली ते मी अजून धरून आहे. ती म्हणाली, "तू बोललीस आणि गाडीत बसलीस. सकाळी नळावर मी गेले." मग थोडं थांबून म्हणाली, "असं काहीतरी बोलत जा, जे दुसऱ्या दिवशी मला परत सांगता येईल."

मित्रांनो, तोपर्यंत मला वाटत होतं की हा प्रश्न मला विचारला जातो. मला तो वर्षातून दहा-बारा वेळा विचारला जायचा. आईला तो रोज विचारला जायचा. दळण टाकताना, दवाखान्याच्या रांगेत, हरिनाम सप्ताहात, शेजारणीकडे विरजण मागायला गेल्यावर. आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी माझी उत्तरं फक्त माझ्यापुरती बनवत होते. माझ्या तोंडी जे चुरचुरीत वाटायचं ते तिच्या तोंडी उद्धट वाटलं असतं. पंचेचाळीस वर्षं ज्या गावात ती नांदली तिथं ती "लग्न करून कोण सुखी झालंय" असं म्हणू शकत नव्हती. तिच्या शेजारी वडील बसलेले असायचे!

मग पुढच्या सुट्टीत आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो आणि तिला पेलतील अशी उत्तरं शोधायला लागलो. आई सातवी शिकलेली, पण यात ती माझ्यापुढे निघाली. तिनं एक वाक्य केलं, "तिच्या पगाराचं तिला विचारा, लग्नाचं देवाला विचारा, आणि आता आलाच आहात तर जेवणाचं मला विचारा." यातली गंमत बघा. विचारणारा रिकाम्या हाती परत जात नाही. त्याला उत्तर मिळालं नाही तरी पिठलं-भाकरी मिळते, आणि आमच्याकडचं पिठलं खाताना पगाराची आठवण राहत नाही.

वडिलांना यात फारसा रस नव्हता. ते माणूस मोजून बोलणारे. पण २०२३ साली अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या महिन्यात प्रत्येक सासरा खर्चानं वाकलेला असतो. पारावर कुणीतरी खोचकपणे विचारलं, "तात्या, तुमच्याकडं धोंड्याला कोण येणार?" वडील म्हणाले, "जावई नाही म्हणून तेहेतीसच्या तेहेतीस अनारसे मीच खाल्ले. तुझ्या वाट्याला किती आले?" त्या महिन्यात दोन तोळ्यांची अंगठी दिलेला तो माणूस पुढं काही बोलला नाही. वडील घरी येऊन आईला हे सांगताना जसे हसले, तसे मी त्यांना फार कमी वेळा हसताना बघितलंय. माझ्या लग्नाचा विषय त्या घरात पहिल्यांदा हसून निघाला तो त्या दिवशी.

आता पगाराकडे येते, कारण सर वाट बघताहेत.

पगार विचारणं हे आपल्याकडे वाईट मानत नाहीत, आणि मला विचाराल तर त्यात फारसं वाईट नाहीही. सोयरीक जमवताना जमीन किती, बागायत किती, विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं, हे आपण सरळ विचारतो. पगार हा त्याच यादीतला पुढचा प्रश्न. पण विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय ते ओळखायला हवं, आणि ते त्याच्या दुसऱ्या प्रश्नावरून कळतं. पगारानंतर "मामाचं गाव कुठलं, देवक काय?" असं आलं तर त्याच्या खिशात स्थळ आहे. पगारानंतर "बोनस दिवाळीच्या आधी होतो का?" असं आलं तर त्याला उसने हवे आहेत. दुसरा प्रश्नच आला नाही आणि तो नुसता पंख्याकडे बघत बसला, तर त्याला फक्त शांतता मोडायची होती. त्याला पावसाचं विचारा, तो आनंदानं तिकडे जाईल. म्हणून मी पहिल्या प्रश्नाला कधीच पूर्ण उत्तर देत नाही. एक हलकं वाक्य टाकते आणि दुसरा प्रश्न काय येतो त्याची वाट बघते.

मामांचं उदाहरण सांगते. २०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. शेवगाव तालुक्यात मामेबहिणीचं लग्न. अक्षता पडल्या, पाहुण्यांचे टॉवेल-टोप्या झाल्या, दोनच्या उन्हात पहिली पंगत उठली आणि मी कार्यालयाच्या मागं लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. धाकटे मामा आले, शेजारी बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तुला पगार किती गं?"

मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "मामा, कुठला सांगू? कंपनी म्हणते तो, हातात येतो तो, का पंचवीस तारखेला उरतो तो?"

एरवी यावर माणूस हसतो आणि विषय संपतो. मामा हसले नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "म्हणजे हे तीन वेगळे असतात?"

हा दुसरा प्रश्न. त्यावरून माझ्या लक्षात आलं की मामांना माझ्या पगाराशी काही घेणं-देणं नाही. हळूहळू बाहेर आलं. त्यांच्या मुलाला आदल्या वर्षी पुण्यात नोकरी लागली होती, सहा लाखांचं पॅकेज. मामांनी गावात पेढे वाटले होते. सहा लाखाला बारानं भागलं की पन्नास हजार होतात, हे गावातल्या प्रत्येकानं भागून ठेवलं होतं. पण पोरगा म्हणत होता की खात्यात साडेसदतीस हजार आणि वर शंभर जमा होतात. मामांना वाटत होतं की पोरगा महिन्याला बारा हजारांवर रक्कम लपवतोय. कुठं घालवतो, कुणाला देतो, व्यसन लागलं की काय, असं सहा महिने त्यांच्या डोक्यात घोळत होतं. पोराला विचारता येत नव्हतं आणि मामींना सांगता येत नव्हतं. पोरगा त्या लग्नाला सुद्धा आला नव्हता, "सुट्टी नाही" म्हणाला होता. बापलेकांचं तीन आठवडे बोलणं बंद होतं.

मी पर्समधून पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. मामांना म्हटलं, तुमचा ऊस कारखान्याला जातो ना? टनाचा भाव जाहीर होतो तो एक, पहिली उचल मिळते ती एक, आणि सोसायटीचं पीककर्ज कापून खात्यात पडते ती रक्कम तिसरी. पॅकेजचंही तसंच आहे. सहा लाख हा जाहीर भाव.

महिन्याचे पन्नास हजार धरू. त्यातले पाच हजार महिन्याला मिळतच नाहीत, तो वर्षाअखेरचा बोनस आहे आणि काम चांगलं झालं तरच साठ हजार एकदम मिळतात. तो तुमच्या शेवटच्या हप्त्यासारखा, आला तर आला. मूळ वेतन पंचवीस हजार असेल तर त्याच्या बारा टक्के, म्हणजे तीन हजार, कंपनी पीएफमध्ये भरते, आणि ते पॅकेजमध्येच धरलेले असतात. तेवढेच तीन हजार पोराच्या पगारातून कापून त्याच खात्यात जातात. बाराशेच्या आसपास ग्रॅच्युइटीचे धरतात, ते पाच वर्षं टिकला तर निघताना मिळतील. उरले दोनशे, तो सरकारचा व्यवसाय कर. मामांना म्हटलं, हा कर फेब्रुवारीत तीनशे असतो, कारण वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे असतात. पाच, तीन, तीन, एक हजार दोनशे आणि दोनशे. बेरीज करा.

मामांनी बोटांवर केली. बारा हजार चारशे. पन्नासातून वजा केले. सदतीस हजार सहाशे.

बराच वेळ ते त्या पत्रिकेकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे सहा हजार त्याच्याच नावावर साठतात?" मी म्हटलं, हो, बहुतेक सगळे त्याच्याच नावावर, काही पेन्शनला. "आणि त्यो सदतीसातून भाडं भरून आम्हाला दहा पाठवतो?" मी म्हटलं, तेवढं मला माहीत नाही, पण हिशेब खरा आहे. मामा उठले, पत्रिका खिशात घातली आणि कार्यालयाच्या पलीकडे, बँडवाल्यांचा टेम्पो होता तिकडे जाऊन फोन लावला. मी लांबून बघत होते. फोनवर फार बोलले नाहीत. परत आले तेव्हा डोळे पुसून आले होते आणि मला म्हणाले, "चल, बुंदी संपायच्या आत जेवून घेऊ."

माझा पगार त्यांना अजून माहीत नाही. मी ते वाक्य टाकून उठून गेले असते तर मला जिंकल्यासारखं वाटलं असतं आणि मामा तसेच बसून राहिले असते.

आता जिथं माझी कुठलीच युक्ती चालली नाही, ते सांगते. माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो गावी पाच एकर शेती करतो, कांदा, थोडा ऊस, दोन गाई. त्याचंही लग्न झालेलं नाही. पण माझं मी केलं नाही आणि त्याचं जमलं नाही, यात फार अंतर आहे, आणि ते मला उशिरा कळलं. मी त्याला माझी वाक्यं शिकवायला गेले होते. ज्याला नको आहे तो हसून टाळू शकतो. ज्याला हवं आहे आणि मिळत नाही, त्यानं काय टाळायचं?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मोर्चा काढला होता, आठवत असेल. मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. टीव्हीवर ते दृश्य लागलं तेव्हा आमच्या घरात पाहुणे बसलेले होते आणि सगळे हसत होते. भाऊ गाईंना चारा टाकायचा आहे म्हणून उठला. चारा तासापूर्वीच टाकून झाला होता.

त्याचं स्वतःचं एक उत्तर होतं. कुणी विचारलं की म्हणायचा, "कांद्याला भाव आला की करू." अनेक वर्षं ते चाललं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, भाव पडले, आणि घोडेगावच्या बाजारातून परत येताना एका नातेवाइकानं त्याला ट्रॅक्टरवरच म्हटलं, "मग आता भावही गेला आणि नवरीही." तो माणूस गमतीनं म्हणाला असेल. भाऊ चार दिवस कुणाशी बोलला नाही. मी म्हटलं ना, उत्तरात तारीख घालू नये. त्याच्या उत्तरात तर सगळा बाजार होता.

या वेळी शहाणपण आईनं नाही, भावानंच दाखवलं. पुढच्या कार्यात थोरल्या मामांनी त्याला विचारलं, "काय भाचे, कधी देताय लाडू?" भाऊ सरळ त्यांच्यासमोर बसला आणि शांतपणे म्हणाला, "मामा, मला करायचंय. तुमच्या बघण्यात आहे का कुणी? शिक्षण कितीही चालेल, दुसरेपणाचं असलं तरी चालेल. तुम्ही मनावर घ्या." मामा गडबडले. त्यांनी प्रश्न विचारला होता तो रामराम म्हणावा तसा, आणि पलीकडून कामच अंगावर आलं. पण मामा शब्दाचे पक्के निघाले. नेवाशाकडचं एक स्थळ आणलं, ते मुलीच्या वडिलांना नोकरीही हवी होती आणि शेतीही हवी होती म्हणून मोडलं. पाथर्डीचं एक आणलं, तिथं मुलीनंच गाईंचं काम नको म्हणून सांगितलं. तिनं आधी सांगितलं हे बरंच केलं. तिसऱ्याचं बोलणं अजून चालू आहे आणि मी त्याबद्दल इथं काही बोलणार नाही, भावानं तंबी दिलीय.

पण एक फरक पडला. आता मामा त्याला विचारत नाहीत, तोच मामांना फोन करून विचारतो, "मामा, काय झालं पुढं?" मामा परवा आईला म्हणत होते, "तुझ्या पोराचा फोन आला की मला घाम फुटतो."

माझ्या बाबतीतही हसण्याला शेवट होताच. दोनदा हसवून माणूस तिसऱ्यांदा तेच विचारायला लागला तर त्याला विनोद नको असतो, उत्तर हवं असतं. थोरल्या काकांचं तसंच होतं. ते वडिलांचे मोठे भाऊ, आमच्यासाठी त्यांनी खस्ता खाल्लेल्या. छत्तिसाव्या वर्षी मी एकदा मुद्दाम त्यांच्या घरी गेले, कार्यक्रम नसताना, दुपारी, ते एकटे असताना. म्हटलं, "काका, मी लग्न करणार नाही. विचार करून ठरवलंय, कुणावर राग धरून नाही. पैशाची, घराची सोय केलेली आहे. तुम्हाला काळजी वाटते म्हणून तुम्हाला समोर येऊन सांगतेय. फक्त चारचौघांत आईला विचारू नका, तिला उत्तर देताना त्रास होतो. काही विचारायचं असलं तर मला विचारा." काका खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंस तर मी त्या संगमनेरच्या माणसाला दोनदा जेवायला घातलं नसतं."

त्यानंतर काकांनी विचारलं नाही. उलट आता लग्नात कुणी मला विचारलं की काकाच लांबून ओरडतात, "तिला नको विचारूस, इकडं ये, मी सांगतो." आणि मग ते त्याला चाळीस मिनिटं स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगतात. त्या माणसाला पुन्हा माझी आठवण होत नाही.

बऱ्याच जणांची मुलं आता पंचविशीकडे निघाली आहेत. म्हणजे आजपर्यंत ज्यांना विचारलं जात होतं ते आपण आता विचारणारे होणार. मघाशी चहाच्या वेळी आपल्याच वर्गातल्या एकानं, मागच्या बाकावरच्या, नाव घेत नाही, दुसऱ्याच्या मुलाला पॅकेज विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या पोरानं काय सांगितलं माहीत आहे? "काका, आधी तुमच्या दहावीच्या गणिताचे मार्क सांगा." मला त्या पोराबद्दल काही काळजी वाटत नाही.

राहता राहिलं सरांचं उत्तर. सर, तुम्ही पगार विचारलात. सांगते, पण आधीची एक जुनी बाकी आहे. १९९९ च्या मार्चमध्ये तुम्ही बोर्डाचे पेपर तपासायला आणले होते आणि आम्ही कुणीतरी विचारलं होतं की एका पेपरचे तुम्हाला किती मिळतात. तुम्ही खडू फेकून मारला होता. तो माझ्या वेणीला लागला होता. जेवणाची पंगत बसली की मी तुमच्या शेजारी बसते. तुम्ही तो आकडा सांगा, मी माझा सांगते.